एकेरी पापुद्रा

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली आरसा किंवा दिवा असतो, आणि आपण वरून पाहतो. मध्ये काचपट्टी. म्हणजे काचपट्टीवरची वस्तू आपण उजेडाच्या झोतात धरून तिच्या पृष्ठभागाकडे पाहत नसतो. उजेड तिच्या आरपार जाऊन डोळ्यात येतो आणि वाटेत त्याचं काय झालं, ते आपण वाचतो. कुठे तो अडला, कुठे वाकला, कुठे त्याला रंग चढला. टेबलावरचं फूल पाहणं आणि काचपट्टीवरचा पापुद्रा पाहणं यांत हा फरक आहे. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड कशी करायची याच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीतून निघतात. उजेडाच्या वाटेत पेशींचा एकच थर असावा आणि त्याच्या आजूबाजूला पाण्याशिवाय काही नसावं. पुस्तकात पायऱ्या क्रमाने दिलेल्या असतात, मुलं त्या पाठही करतात, पण प्रत्येक पायरी या दोन अटींपैकी कोणती सांभाळते हे कळलं नाही तर चूक झाल्यावर कुठे हात घालायचा ते कळत नाही.

पहिली अट, एकच थर. कोणतीही वनस्पती घेतली तरी तिचा एका पेशीच्या जाडीचा तुकडा मिळवणं कठीण असतं. देठाचे किंवा मुळाचे काप घ्यायला कॉलेजातली मुलं गाजरात तो देठ धरून ब्लेडने डझनावारी चकत्या काढतात आणि त्यांतली एखादी बरी निघते. कांद्याचं वेगळेपण असं, की त्याच्यात तो थर आधीच सुटा व्हायला तयार असतो. आपण ज्याला कांद्याची पाकळी म्हणतो, तो पानाचा फुगलेला, अन्न आणि पाणी साठवणारा तळचा भाग आहे. पान म्हटलं की त्याला दोन बाजू आल्या आणि दोन्ही बाजूंना अपित्वचा आली. पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूची अपित्वचा खालच्या गराला घट्ट धरून असते. आतल्या, खोलगट बाजूची मात्र सैल असते. स्वयंपाक करताना कांद्याच्या दोन पाकळ्यांमधून निसटणारा, बोटाला चिकटणारा पारदर्शक पडदा तो हाच. त्यात पेशी एकमेकींना खेटून, मध्ये जागा न सोडता, एका थरात बसलेल्या असतात. निसर्गाने ही फरशी घालून ठेवली आहे, आपल्याला फक्त ती न मोडता उचलायची आहे.

म्हणून ब्लेडचं काम नीट समजून घ्यायला हवं. कांदा उभा चिरून चार फोडी करा. अगदी बाहेरची, सुकत आलेली पाकळी सोडून द्या. तिचा पापुद्रा उचलताना फाटतो. अगदी आतला कोंबाजवळचा भागही नको, तिथल्या पेशी लहान असतात आणि पडदा नाजूक. तिसरी-चौथी पाकळी घ्या. तिच्या खोलगट बाजूवर ब्लेडच्या टोकाने चारी बाजूंना सुमारे ५ मिलिमीटर येईल असा चौकोन आखा. आखायचा, कापून काढायचा नाही. ब्लेड गरात किती खोल गेलं याला महत्त्व नाही, कारण थराची जाडी ब्लेड ठरवत नाही. मग चिमट्याचं टोक चौकोनाच्या एका कोपऱ्याखाली आडवं सरकवा आणि कोपरा धरून पडदा हळूहळू मागे ओढा. तो गरापासून सुटतो तिथे एक ओली, चमकती रेघ पुढे सरकताना दिसते. तुकडा हातात आला की उजेडाकडे धरा. तो पारदर्शक हवा. कुठे पांढुरका, दुधी डाग असेल तर तिथे गर चिकटून आला आहे.

जाड तुकड्याची चूक बहुतेक वेळा इथेच होते, आणि ती आळसातून कमी, उलट्या समजुतीतून जास्त होते. पुस्तकात ‘पातळ’ हा शब्द वाचून मूल ब्लेड हातात घेतं आणि पाकळीची शक्य तितकी पातळ चकती कापतं. डोळ्यांना ती खरोखर पातळ दिसते. हातात ब्लेड घेऊन अर्ध्या मिलिमीटरची चकती काढणं हे काही वाईट काम नाही. पण पापुद्र्यातली एक पेशी मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी जाडीची असते. अर्ध्या मिलिमीटरच्या चकतीत गराच्या गोलसर पेशींचे किमान तीन-चार थर एकावर एक येतात. वरून पाहणाऱ्याला एका थराच्या भिंतींवर दुसऱ्याच्या भिंती, त्यांच्यावर तिसऱ्याच्या, अशा सगळ्या एकाच चित्रात मिसळून दिसतात.

भिंग यातून सुटका करत नाही, उलट अडचण वाढवतं. भिंगाला एका वेळी फार थोडी खोली स्पष्ट दिसते. दहापटीच्या वस्तुभिंगाला साधारण १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग; चाळीसपटीच्या भिंगाला तर १ मायक्रॉनच्या आसपास. बाकीचं सगळं, त्या पातळीच्या वरचं आणि खालचं, चित्रातून नाहीसं होत नाही, ते धुरकट होऊन त्याच चित्रावर पसरतं. जाड तुकडा पाहताना मुलं स्क्रू फिरवत राहतात आणि ‘सर, फोकस होत नाही’ म्हणतात. फोकस होत असतो. फोकस झालेल्या एका पातळीवर न झालेल्या पन्नास पातळ्यांची सावली पडलेली असते.

हाच हिशेब एकेरी पापुद्र्यालाही लागू पडतो आणि त्यातून एक गमतीची गोष्ट हाती येते. पेशीची जाडी भिंगाच्या स्पष्ट पातळीच्या कितीतरी पट असल्याने एक थर असला तरी तो संपूर्ण एकदम दिसत नाही. मुलांच्या वहीत कांद्याच्या पेशीचं केंद्रक कधी कडेला काढलेलं असतं, कधी मधोमध, आणि दोघांचाही आग्रह असतो की आपलंच बरोबर. वाढ पूर्ण झालेल्या पेशीचा बहुतेक भाग रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने व्यापलेला असतो. पेशीद्रव आणि केंद्रक भिंतीलगत रेटले गेलेले असतात. केंद्रक बाजूच्या भिंतीला लागलेलं असेल तर आपल्याला कडेला दिसतं, चपटं, भिंगासारखं. वरच्या किंवा तळच्या भिंतीला लागलेलं असेल तर पेशीच्या मधोमध दिसतं, गोल. बारीक स्क्रू सावकाश फिरवला तर कळतं, की मधोमध दिसणाऱ्या केंद्रकांपैकी काही पेशीच्या भिंती स्पष्ट होण्याच्या आधी स्पष्ट होतात आणि काही नंतर. एकेरी थरात हा शोध घेता येतो. दुहेरी थरात ते केंद्रक कोणत्या पेशीचं हेच ठरत नाही.

पापुद्रा सोलला की तो लगेच पाण्यात गेला पाहिजे. घड्याळकाचेत आधीच पाणी घालून ठेवावं. हवेत तो मिनिटभरही सपाट राहत नाही, कडा वळवून गुंडाळी होते, आणि गुंडाळीला मग सुईने उलगडताना पेशी फाटतात. दुसरं असं की त्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत. जी बाजू दोन पाकळ्यांच्या फटीकडे होती तिच्यावर मेणासारखा पातळ लेप असतो. ती पाणी सहज धरत नाही. जी बाजू गरापासून सुटली ती ओली आणि पाणी घेणारी. हवा पहिल्या बाजूला चिकटून बसते. घड्याळकाचेत पापुद्रा सुईने एकदा पाण्याखाली दाबून, उलटसुलट करून घेतला तर ही हवा तिथेच निघते आणि पुढचं निम्मं दुखणं टळतं. मोठा तुकडा घेण्याचा मोहही इथेच आवरावा. ५ मिलिमीटरचा तुकडा पाण्यात आपोआप पसरतो, २ सेंटिमीटरचा घडी घालतो. घडी म्हणजे पुन्हा दोन थर. ती ओळखायला सोपी आहे: पेशींच्या दोन जाळ्या एकमेकींवर तिरक्या पडलेल्या दिसतात, आणि बारीक स्क्रू फिरवला की एक जाळी स्पष्ट होताना दुसरी विरते.

आता दुसरी अट, आजूबाजूला पाण्याशिवाय काही नसावं. इथे हवेचे बुडबुडे येतात, आणि त्यांच्यावर जरा थांबलं पाहिजे, कारण ते ‘घाण’ म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना वाकतो, आणि दोन माध्यमांच्या अपवर्तनांकात जितका फरक तितका जास्त वाकतो. काचेचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास, पाण्याचा १.३३, हवेचा १. पेशीभित्तिका पाण्यात असते तेव्हा फरक बेताचा असतो, म्हणून तिची रेघ नाजूक दिसते. पाण्यातला हवेचा बुडबुडा मात्र प्रकाशाला एकदम बाहेर फेकतो. त्याच्या कडेवर तिरके पडणारे किरण इतके वळतात किंवा परावर्तित होतात, की ते भिंगात पोचतच नाहीत. न पोचलेला प्रकाश म्हणजे काळं वलय. मधून सरळ जाणारे किरण मात्र पोचतात, म्हणून बुडबुड्याचा मध्य लख्ख उजळ. जाड काळी कड, उजळ पोट, आणि बहुतेक वेळा कंपासने काढल्यासारखा गोल. संपूर्ण स्लाइडवर सगळ्यात ठळक, सगळ्यात ‘सुंदर’ वस्तू तीच असते. साहजिकच पहिल्यांदा पाहणारं मूल तिलाच पेशी समजतं आणि मन लावून तिचं चित्र काढतं. छोटा बुडबुडा नेमका एखाद्या पेशीवर बसला तर तो केंद्रक म्हणून नामनिर्देशित होतो.

खरं-खोटं करायला फार काही लागत नाही. पेशीला शेजारी असतात. तिची भिंत शेजारणीच्या भिंतीला मिळते. बुडबुडा एकटा असतो आणि खालच्या पेशींच्या रेघा त्याच्या कडेशी तुटतात किंवा वाकतात. सुईच्या मागच्या टोकाने कव्हरस्लिपला हलका धक्का दिला तर तो सरकतो किंवा आकार बदलतो. केंद्रकाला काळी कड नसते आणि रंग दिल्यावर ते गडद होतं. बुडबुडा कुठलाच रंग घेत नाही.

बुडबुडा आत येतो तो कव्हरस्लिप ठेवताना. सरळ वरून, आडवी सोडली की काच चारी बाजूंनी एकाच वेळी पाण्याला टेकते आणि मधल्या हवेला जायला वाट राहत नाही. म्हणून ती साधारण ४५ अंशांत तिरकी धरायची, एक कड थेंबाच्या काठाला टेकवायची, पाणी त्या कडेला धावून सरळ रेषेत पसरलं की दुसरी कड सुईवर तोलून अगदी सावकाश खाली आणायची. वहीला प्लॅस्टिकचं कव्हर चिकटवताना आपण एका टोकापासून हात फिरवत नेतो, तसंच. पाण्याची रेषा पुढे जाते आणि हवा तिच्यापुढे ढकलली जाऊन पलीकडच्या मोकळ्या कडेने निघून जाते. सुई शेवटच्या क्षणी झटक्यात काढली तर इतका वेळ केलेलं सगळं वाया जातं, हेही सांगून ठेवतो.

पाणी किती घ्यायचं याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. साध्या ड्रॉपरचा एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलीटर, म्हणजे ५० घन मिलिमीटर. शाळेत मिळणारी चौकोनी कव्हरस्लिप १८ मिलिमीटर बाजूची धरली तर तिचं क्षेत्रफळ ३२४ चौरस मिलिमीटर. ५० ला ३२४ ने भागलं की ०.१५ मिलिमीटर येतात. एक थेंब काचेखाली पूर्ण पसरला तर पाण्याचा थर इतका जाड होतो. पापुद्रा त्यात आरामात मावतो आणि फार पाणी उरतही नाही. दोन थेंब घातले तर थर ०.३ मिलिमीटरचा, पापुद्रा त्यात तरंगतो, स्लाइड सरकवली की पेशी पाहता पाहता वाहून जातात, आणि कव्हरस्लिपही घसरते. चाळीसपटीच्या भिंगाचं टोक काचेपासून मिलिमीटरच्या अंशभरच दूर असतं, तेव्हा जास्तीचं पाणी बाहेर येऊन भिंगालाही लागतं. अर्धा थेंब घेतला तर काचेचा एखादा कोपरा कोरडा राहतो आणि तिथून हवा आत शिरते. म्हणजे कमी पाणी हेसुद्धा बुडबुड्याचंच एक कारण आहे, फक्त ते सहज लक्षात येत नाही. जादा पाणी टिपकागदाने कडेने टिपता येतं. कमी पडलं तर कडेला थेंब टेकवला की ते आपोआप आत ओढलं जातं.

बुडबुडा झालाच तर अंगठ्याने दाबू नये. दाबाने हवा पसरते, जात नाही, आणि पेशी चिरडतात. चिरडलेल्या पेशींतला द्रव बाहेर येऊन सगळी स्लाइड मळते. एखाद-दुसरा बुडबुडा कडेजवळ असेल तर सुईच्या टोकाने काचेवर हलक्या टिचक्या मारत त्याला बाहेर नेता येतं. मध्ये असेल आणि पापुद्र्याखाली अडकला असेल तर सरळ कव्हरस्लिप उचलावी, थेंब घालावा आणि पुन्हा ठेवावी. त्याला अर्धं मिनिट लागतं. बुडबुड्याशी पाच मिनिटं झटणारी मुलं हे अर्धं मिनिट देत नाहीत, का कोण जाणे.

वर दोन अटी वेगळ्या सांगितल्या, पण कांद्यात त्या आतून जोडलेल्या आहेत. पापुद्र्यातल्या पेशींच्या मध्ये मोकळी जागा नाही. गराच्या गोल पेशींच्या मध्ये मात्र आहे, आणि त्या फटींत हवा असते. त्यामुळे गर चिकटून आलेला जाड तुकडा नुसता जाड नसतो, तो स्वतःची हवा घेऊन येतो. सूक्ष्मदर्शकाखाली अशा ठिकाणी पेशींच्या कोपऱ्यांत काळे त्रिकोण आणि काळ्या, वाकड्यातिकड्या नळ्या दिसतात. कव्हरस्लिप कितीही हळुवार ठेवली तरी त्या जात नाहीत, कारण ती हवा बाहेरून आलेलीच नाही. काळे डाग गोल असतील तर हात सुधारायचा. कोनदार, पेशींच्या फटींतून धावणारे असतील तर दुसरा पापुद्रा सोलायचा.

इतका वेळ रंगाचा विषय काढला नाही, तो मुद्दाम. रंग हा या कामाचा शेवटचा आणि खरं तर ऐच्छिक भाग आहे. वरच्या दोन अटी पाळल्या असतील तर बिनरंगी पापुद्र्यातही पेशींची जाळी दिसते. फक्त मंचाखालचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, बराच बंद करायला हवा. भरपूर उजेड म्हणजे स्पष्ट दिसणं, हा समज इथे आड येतो. डायफ्रॅम मिटला की कडा उठून दिसतात. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ साली ऑर्किडच्या अपित्वचेतल्या पेशींत जे गोल बिंब वारंवार पाहिलं आणि ज्याला केंद्रक हे नाव मिळालं, तेही रंग न देताच. सोललेली अपित्वचा केंद्रक पाहायला सोयीची आहे ती तेव्हापासून.

रंग काय करतो तर प्रकाशातला काही भाग शोषून घेतो, तोही सगळीकडे सारखा नाही, ठरावीक ठिकाणी जास्त. शाळांत सॅफ्रॅनिन वापरतात. १०० मिलिलीटर पाण्यात १ ग्रॅम, हे नेहमीचं प्रमाण. त्याचे कण धनभारित असतात, म्हणून ते केंद्रकातल्या आम्लधर्मी द्रव्याला धरतात, आणि काही प्रमाणात भित्तिकेलाही. पेशी जिवंत असताना तिचं पटल रंगाला सहज आत येऊ देत नाही. म्हणून पहिल्या काही क्षणांत पापुद्र्याच्या कडेच्या, सोलताना फाटलेल्या पेशींची केंद्रकं लाल होतात आणि मधली फिकी राहतात. मूल घाईने आणखी रंग ओततं. मग सगळंच लाल होतं, आणि सगळं लाल म्हणजे पुन्हा काहीच वेगळं नाही. घड्याळकाचेतल्या पापुद्र्यावर एक-दोन थेंब, अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत, आणि मग स्वच्छ पाण्यात उचलून धुणं. धुणं हा रंगवण्याचा अर्धा भाग आहे. केंद्रकाने धरलेला रंग सहज सुटत नाही, पाण्यात नुसता तरंगणारा सुटतो. फारच गडद झालं तर अर्धं पाणी, अर्धं अल्कोहोल अशा मिश्रणात क्षणभर बुडवून पुन्हा पाण्यात घ्यावं.

रंग कव्हरस्लिप ठेवल्यावरही देता येतो. काचेच्या एका कडेला रंगाचा थेंब, समोरच्या कडेला टिपकागदाचा तुकडा. कागद पाणी ओढतो आणि रंग आत सरकतो. हे करताना डोळा नेत्रभिंगावर असेल तर एकेक केंद्रक लाल होताना दिसतं. मला ही रीत जास्त आवडते, पण पाण्याचा थर फार पातळ झाला की हवा आत ओढली जाते, म्हणून कागद वेळेवर काढावा लागतो.

आयोडीनबद्दल एक गैरसमज इतका पक्का आहे, की तो वेगळा सांगायला हवा. आयोडीन आणि पिष्ट म्हणजे निळा-काळा रंग, हे बटाट्यामुळे डोक्यात बसलेलं असतं. कांद्यावर आयोडीन टाकून निळा रंग आला नाही की मुलं द्रावण खराब झालं म्हणतात. कांदा आपलं अन्न साखर आणि फ्रुक्टॅन या रूपांत साठवतो, पिष्ट म्हणून साठवत नाही. त्यामुळे पापुद्रा फिकट पिवळा आणि केंद्रकं पिवळसर तपकिरी होतात, आणि तसंच व्हायला हवं. तरीही निळे-काळे ठिपके दिसले तर चिमटा किंवा ब्लेड आधी बटाट्याला लागलं होतं का, ते बघावं.

नाशिककडचा लाल कांदा घेतला तर आणखी एक गोष्ट बघता येते. त्याच्या पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूच्या अपित्वचेत रिक्तिकेतल्या रसालाच जांभळट-गुलाबी रंग असतो. ती काढायला त्रास होतो, गर चिकटून येतो, पण एखादा स्वच्छ तुकडा मिळाला तर रंग न घालता संपूर्ण पेशी रंगीत दिसते. सॅफ्रॅनिनने केंद्रक रंगतं, इथे रिक्तिका रंगलेली असते. रिक्तिका पेशीचा किती मोठा भाग व्यापते हे सांगायला यापेक्षा सोपं साधन नाही.

आता एक स्लाइड वाचून पाहू. समजा, दहापटीचं नेत्रभिंग आणि दहापटीचं वस्तुभिंग लावलं आहे आणि समोर हे दिसतं: डावीकडे विटांसारख्या लांबट पेशी, स्वच्छ, मधून तिरका एक गडद लाल पट्टा, वर उजवीकडे तीन जाड काळी वलयं, खाली करड्या, अस्पष्ट भागात काळे कोनदार ठिपके. हात घालायचा तो क्रमाने. पट्ट्यावर बारीक स्क्रू फिरवला, पेशींच्या दोन जाळ्या एकीमागून एक स्पष्ट झाल्या: म्हणजे घडी. दुहेरी थरातून जाताना प्रकाश दुप्पट शोषला जातो म्हणून तो गडद. रंग जास्त झाला असं समजून धुवायला घ्यायचं कारण नाही. वलयांवर हलकी टिचकी दिली, त्यांतली दोन सरकली: कव्हरस्लिपखालची हवा. तिसरं जागचं हललं नाही. ते पापुद्रा आणि काचपट्टी यांच्यामध्ये अडकलेलं. खालचा करडा भाग टिचकीने बदलला नाही आणि ठिपके फटींच्या रांगेत आहेत: गर चिकटला आहे. तो दुरुस्त होणार नाही. उरला डावीकडचा भाग, आणि निरीक्षणाला तेवढा पुरतो.

त्या भागातली मापं तपासली की पाहतो त्या पेशीच आहेत याची खात्री होते. नेत्रभिंगावर १८ हा क्षेत्राचा आकडा छापलेला असेल तर दहापटीच्या वस्तुभिंगाखाली दिसणारं वर्तुळ १८ भागिले १०, म्हणजे १.८ मिलिमीटर व्यासाचं. पेशींच्या लांबीच्या दिशेने व्यासावर सहा पेशी मोजल्या तर एक पेशी ०.३ मिलिमीटर लांब. मधल्या पाकळीला हे माप शोभतं. वलयाचा व्यास मोजला आणि तो वर्तुळाच्या एक तृतीयांश, म्हणजे ०.६ मिलिमीटर भरला, तर दोन पेशींच्या लांबीची ही गोल वस्तू कांद्याची पेशी असणं शक्य नाही. चाळीसपटीच्या भिंगाखाली वर्तुळ ०.४५ मिलिमीटरचं होतं आणि त्यात जेमतेम दीड पेशी लांबीत मावते. त्यामुळे तिथे गेल्यावर ‘पेशी हरवल्या’ असं वाटलं तर त्या हरवलेल्या नसतात, त्यांच्या भिंती वर्तुळाबाहेर गेलेल्या असतात.

ही स्लाइड किती वेळ टिकेल? पाण्यातली असेल तर उन्हाळ्यात, पंख्याखाली, तासिका संपायच्या आतच तिच्या कडा कोरड्या पडू लागतात. तेव्हा आत येणारी हवा गोल नसते. ती कडेपासून सुरू होते, नागमोडी किनाऱ्यासारखी आत सरकते. तिला बुडबुडा समजून काच उचलू नये, कडेला पाण्याचा एक थेंब दिला की ती मागे हटते. पाण्याऐवजी ग्लिसरीन वापरलं तर ते लवकर सुकत नाही आणि त्याचा अपवर्तनांक १.४७ असल्याने पेशी जास्त पारदर्शक दिसतात. पण ते दाट असतं, त्यात अडकलेला बुडबुडा टिचकीने हलत नाही, म्हणून कव्हरस्लिप आणखी सावकाश ठेवावी लागते. शिवाय ते पाणी ओढून घेतं. रंगवलेल्या, मेलेल्या पेशींना त्याने फरक पडत नाही. बिनरंगी जिवंत पापुद्रा दाट ग्लिसरिनमध्ये ठेवला तर पेशीद्रव आकसून भित्तिकेपासून सुटतो आणि मूल त्यालाच पेशीचा नेहमीचा आकार समजून वहीत उतरवतं. पाहायचं आहे ते नुसतं पेशींचं जाळं आणि केंद्रक असेल, तर रंगवून धुतलेल्या पापुद्र्यावर पातळ केलेल्या ग्लिसरीनचा एक थेंब घालावा आणि कव्हरस्लिपच्या चारी कडांना नेलपॉलिशची रेघ ओढावी. काही दिवस ती स्लाइड पुन्हा काढून दाखवता येते.